माल वाटेत, मालक कोण?

दार लावून घ्या आणि बसा, तिघंही. मोबाइल पिशवीत ठेवा. साताऱ्याच्या कारखान्याची फाइल मी काल रात्री साडेअकरापर्यंत वाचली आणि आज सकाळी पुन्हा पहिल्या पानापासून वाचली, कारण मला वाटलं, आपल्याच वाचण्यात काही चूक झाली असेल. माझ्या वाचण्यात चूक नव्हती. तुमच्या प्रत्येक कागदावर टिक आहे, प्रत्येक टिकेखाली सही आहे, आणि तरी या कारखान्याचा 31 मार्चचा साठा 77 लाखांनी कमी आणि नफा 31 लाख 20 हजारांनी कमी दाखवून तुम्ही फाइल माझ्याकडे पाठवलीत. सहीसाठी.

कामं तुम्ही वाटून घेतली होतीत. एकाने साठा मोजला, एकीने खरेदी तपासली, एकाने विक्री. वाटून घेण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तिघांनी पंधरा दिवस एकाच खोलीत बसून एकमेकांचे कागद एकदाही न उघडण्याला. वाटेत असलेला माल खरेदीत, विक्रीत आणि साठ्यात एकाच वेळी असतो. तो तुमच्या तिघांच्या मधून निसटून गेला.

आधी साठा. 31 मार्चला संध्याकाळी तू कारखान्यात उभा राहून मोजणी केलीस. चांगली केलीस. रॅकवार पत्रकं आहेत, बिन कार्डाशी मेळ घातलेला आहे, फरकांची कारणं लिहिली आहेत. मग शेवटच्या पानावर हे काय लिहिलंस? ‘चीनहून येणारा बेअरिंगचा कंटेनर 12 एप्रिलला पोचला. 31 मार्चला गोदामात नव्हता, म्हणून साठ्यात धरला नाही.’ हा ‘म्हणून’ कुठून आणलास? कोणत्या कायद्याने, कोणत्या हिशेबाच्या मानकाने तुला हा ‘म्हणून’ दिला? गोदामात काय आहे ते मोजणी सांगते. कंपनीचं काय आहे, हे सांगणं मोजणीच्या हातात नाही. त्याच गोदामात उजव्या भिंतीला गिऱ्हाइकाने जॉबवर्कसाठी पाठवलेलं बीड होतं, ते तू बरोबर वगळलंस, कारण ते कंपनीचं नाही हे तुला ठाऊक होतं. म्हणजे छपराखाली असलेलं सगळं आपलं नसतं, इतकं तुला कळतं. मग छपराबाहेर असलेलं आपलं असू शकतं, इथे येऊन बुद्धी का थांबली?

आता खरेदीची फाइल उघडा, कारण खरा घात तिथे झाला आहे. 50 हजार डॉलरची बेअरिंग. परचेस ऑर्डरवर स्वच्छ लिहिलं आहे: ‘एफओबी शांघाय, इन्कोटर्म्स 2020’. एफओबी म्हणजे विकणाऱ्याने ठरलेल्या बंदरात ठरलेल्या जहाजावर माल चढवून दिला की त्याची जबाबदारी संपली. त्या क्षणापासून माल बुडाला, भिजला, जळला तर नुकसान घेणाऱ्याचं. जहाजाचं भाडं घेणाऱ्याचं, विमा काढायचा तर तोही घेणाऱ्यानेच. बिल ऑफ लेडिंगवर ‘शिप्ड ऑन बोर्ड’ची तारीख 22 मार्च आहे. म्हणजे 22 मार्चपासून त्या बेअरिंगची जोखीम साताऱ्याच्या कंपनीच्या डोक्यावर होती. 31 मार्चच्या रात्री माल समुद्रात होता आणि तो आपल्या अशिलाचा होता.

पुरवठादाराने 25 मार्चला इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगची प्रत ईमेलने पाठवली. कारखान्याच्या अकाउंटंटने त्याच दिवशी खरेदीची नोंद केली. डॉलरला 84 रुपये दराने 42 लाख रुपये. खरेदी तपासणारीने इनव्हॉइस पाहिलं, ऑर्डर पाहिली, रक्कम जुळवली, टिक केली. नोंद बरोबरच आहे. पण तुझ्या कागदावर जीआरएनचा रकाना रिकामा आहे. माल आत आल्याची पावती नाही आणि खरेदी मात्र नोंदलेली आहे, हे दिसल्यावर तुझ्या मनात एकच प्रश्न यायला हवा होता: मग हा माल साठ्यात कुठे आहे? तुझ्यापासून चार हातांवर साठ्याची पत्रकं घेऊन तुझा सहकारी बसला होता. तू विचारलं नाहीस. त्यानेही विचारलं नाही की, मी ज्या कंटेनरला साठ्याबाहेर ठेवतोय तो खरेदीत बसलाय का.

परिणाम काय झाला ते नीट ऐका. 42 लाख खर्चाच्या बाजूला गेले आणि अखेरच्या साठ्यात त्यांच्यासमोर काहीच आलं नाही. जो माल अजून वापरलाही नाही, विकलाही नाही, तो यंदाच्या नफ्यातून पुरता वजा झाला. पुढच्या वर्षी तोच माल फुकट मिळाल्यासारखा वापरला जाईल आणि नफा 42 लाखांनी फुगेल. दोन वर्षांचे नफ्याचे हिशेब खोटे, आणि दोन्हींवर आपली सही.

तुमच्यापैकी एकाने काल फोनवर मला सांगितलं की, ‘सर, खरेदीची नोंदही काढून टाकली तर नफ्यावर काहीच परिणाम नाही. दोन्ही बाजूंनी 42 लाख जातात.’ हे उत्तर मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी तितकाच संतापतो. नफा बदलत नाही हे खरं. पण कंपनीला चीनच्या पुरवठादाराला 50 हजार डॉलर द्यायचे आहेत, हे ताळेबंदातून गायब झालं त्याचं काय? समजा, कंपनीची चालू मालमत्ता 600 लाख आणि चालू देणी 400 लाख आहेत. गुणोत्तर 1.50. त्यात हा वाटेतला माल दोन्ही बाजूंना घातला की 642 आणि 442 होतात, गुणोत्तर 1.45 वर येतं. म्हणजे दोन्ही नोंदी गाळल्या की कंपनी आहे त्यापेक्षा बरी दिसते. बँक याच आकड्यावर कर्जाची अट घालते. शिवाय कंपनी कायद्याची तिसरी अनुसूची सांगते की वाटेतला माल साठ्याच्या ज्या गटातला असेल त्या गटाखाली वेगळा दाखवायचा. कायद्याने ज्याच्यासाठी स्वतंत्र ओळ राखून ठेवली, ती गोष्ट ‘परिणाम नाही’ म्हणून खोडायचा अधिकार आर्टिकलला नाही. मलाही नाही.

आणि नफ्यावर परिणाम नाही हेही पूर्ण खरं नाही. 31 मार्चला डॉलर 84 रुपये 60 पैसे होता. देणं डॉलरमध्ये आहे, म्हणून ते वर्षअखेरच्या दराने मांडावं लागतं: 42 लाख 30 हजार. वरचे 30 हजार यंदाचा तोटा. साठा मात्र 42 लाखांवरच राहतो, कारण साठा म्हणजे पैशात मिळायचं येणं नव्हे. तो ज्या दराने घेतला त्याच दराने राहतो. अकाउंटंटने हे 30 हजार घेतले नाहीत, तुम्हीही पाहिले नाहीत. खरेदी 12 एप्रिलची मानली असती तर हे 30 हजार यंदाच्या हिशेबात कधीच दिसले नसते.

या मालाला साठ्यात घेताना किंमत कोणती लावायची, हेही आत्ताच ऐकून ठेवा, म्हणजे दुरुस्ती करताना दुसरी चूक करणार नाही. गेल्या वर्षीच्या कॉस्ट शीटमधला गोदामापर्यंतचा दर उचलून लावू नका. त्या दरात सीमाशुल्क आहे, बंदरापासून साताऱ्यापर्यंतचं ट्रकभाडं आहे. 31 मार्चला बिल ऑफ एंट्री भरलेलं नव्हतं आणि ट्रक ठरलेला नव्हता. जो खर्च झालाच नाही तो साठ्यात चढवायचा नाही.

आता विक्रीकडे या. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथली चूक आळसाची नाही, अर्धवट समजण्याची आहे, आणि ती जास्त धोक्याची.

रायपूरच्या प्रकल्पाला पाठवलेले पंपाचे सुटे भाग. विक्री साडेअठरा लाख, उत्पादनखर्च 14 लाख. 30 मार्चला इनव्हॉइस, ई-वे बिल आणि एलआर, तिन्हींवर एकच तारीख. ट्रक 3 एप्रिलला साइटवर पोचला. विक्री तपासणाऱ्याने लिहिलं आहे: ‘माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला, विक्री पूर्ण.’ मी विचारल्यावर त्याने 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 23 सांगितलं. कलम बरोबर सांगितलंस, आणि हे तुझ्या बाजूने मी नोंदवतो. विकणाऱ्याने कराराप्रमाणे माल वाहतूकदाराकडे दिला आणि त्यावर आपला हक्क राखून ठेवला नाही, तर तो माल त्या कराराला बिनशर्त वाहिला असं कायदा मानतो. करार मुका असेल तर तुझं म्हणणं टिकेल.

पण करार मुका होता का? त्याच कायद्याचं कलम 19 तू वाचलं नाहीस. ठरावीक मालाची मालकी दोन्ही पक्षांच्या मनात जेव्हा जायची असते तेव्हा जाते. 20 ते 24 ही पुढची कलमं तो हेतू ओळखण्याचे नियम आहेत, आणि तेही वेगळा हेतू दिसत नसेल तेव्हापुरते. हेतू कुठे दिसतो? करारात. रायपूरची परचेस ऑर्डर सहा पानांची आहे. तुझ्या फाइलमध्ये तिचं फक्त पहिलं पान आहे. मी कारखान्यातून बाकीची पानं मागवली. चौथ्या पानावर आहे: किंमत एफओआर साइट, माल साइटवर उतरवून पोच मिळेपर्यंत सर्व जोखीम पुरवठादाराची, मार्गातला विमा पुरवठादाराने स्वतःच्या नावावर काढायचा, वाटेत नुकसान झालं तर पुरवठादाराने विनामूल्य बदलून द्यायचं. यापेक्षा स्पष्ट कोणी काय लिहायचं? 31 मार्चच्या रात्री तो ट्रक कुठल्याशा पुलावरून खाली गेला असता, तर रायपूरच्या माणसाने एक रुपयाही दिला नसता आणि साताऱ्याच्या माणसाला तेच भाग पुन्हा बनवून द्यावे लागले असते. ज्याच्या अंगावर हे नुकसान पडतं, त्याच्या ताळेबंदात तो माल असतो. आपल्या हिशेबमानक 9 मध्ये हेच आहे: मालकी किंवा मालकीबरोबर येणारी महत्त्वाची जोखीम आणि लाभ दुसऱ्याकडे गेल्याशिवाय विक्री नाही.

एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण उद्या तुम्ही ‘एफओआर’ दिसलं की डोळे मिटून विक्री पुढच्या वर्षात ढकलाल. एफओआर हे अक्षर एकटं पुरेसं नाही. आपल्याकडे पुष्कळ ऑर्डरींत ते फक्त भाडं कोणाच्या खिशातून जाणार एवढंच सांगतं. भाडं विकणाऱ्याने दिलं म्हणून माल त्याचाच राहतो असं नाही, आणि घेणाऱ्याने दिलं म्हणून तो घेणाऱ्याचा होतो असंही नाही. जोखमीचं वाक्य शोधा, विम्याचं वाक्य शोधा, नुकसान झाल्यास काय याचं वाक्य शोधा. विमा पॉलिसीवर विमेदार म्हणून कोणाचं नाव आहे ते पाहा. ती पॉलिसी कारखान्यात कपाटात होती, कोणी मागितली नाही.

विम्यावरून एक गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या एका अशिलाचा माल 29 मार्चला निघाला आणि 1 एप्रिलला पहाटे ट्रक उलटला. करारानुसार जोखीम त्यांचीच होती, पॉलिसी त्यांच्या नावावर होती. पण वर्षाची विक्री भरून दाखवायची म्हणून 31 मार्चच्या वह्यांत तो माल विकलेला होता. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने वह्या मागितल्या आणि सरळ विचारलं: माल तुम्ही विकून टाकला होतात, तर नुकसान तुमचं कसं? सागरी विम्याचा 1963 चा कायदा असं मागतो की नुकसान होतं त्या वेळी विमेदाराचा त्या मालात हितसंबंध असला पाहिजे. हितसंबंध होता, पण त्यांच्याच वह्या तो नाकारत होत्या. तो दावा सुटायला खूप दिवस गेले आणि त्या काळात मालकाची पैशांसाठी जी तारांबळ झाली ती मी जवळून पाहिली. त्या वर्षीचा लेखापरीक्षणाचा कागद माझ्या हातचा होता. तेव्हापासून मी ऑर्डरचं पहिलं पान पाहून थांबत नाही.

पुढचं तुमचं उत्तर मला ठाऊक आहे: ‘पण सर, जीएसटी तर मार्चच्या विवरणपत्रात भरला.’ भरला, आणि तो भरायलाच हवा होता. मालाच्या बाबतीत कर देण्याची वेळ इनव्हॉइसच्या तारखेने ठरते, आणि माल कारखान्याबाहेर नेताना इनव्हॉइस करावंच लागतं. जीएसटी कायद्याला मार्ग अडवून रस्त्यावर कर पकडायचा असतो. त्याला मालकीशी देणंघेणं नाही. जीएसटीची उलाढाल आणि वह्यांतली विक्री यांत फरक पडतो म्हणूनच वार्षिक ताळमेळाचं पत्रक आहे. तिथे साडेअठरा लाखांची एक ओळ लिहा आणि कारण द्या. जीएसटीशी आकडा जुळावा म्हणून ताळेबंदात विक्री घालणं म्हणजे फूटपट्टी लहान आहे म्हणून कापड कापणं.

तिसरा माल. जेबेल अलीला गेलेली निर्यात. विक्री 27 लाख, खर्च 21 लाख, अट सीआयएफ जेबेल अली. इथे तुमच्यातच दोन मतं होती आणि दोन्ही चूक होती. एकाचं म्हणणं, सीआयएफमध्ये भाडं आणि विमा आपण जेबेल अलीपर्यंत देतो, म्हणून माल तिथे पोचेपर्यंत आपला. दुसऱ्याचं म्हणणं, 29 मार्चला कस्टम्सने लेट एक्स्पोर्ट ऑर्डर दिली, म्हणून विक्री मार्चमध्ये. शेवटी दुसऱ्याचं चाललं, कारण त्याच्याकडे कागद होता.

पहिल्याला सांगतो. सीआयएफ या शब्दामागे जे गाव लिहितात ते खर्च कुठपर्यंत आपला हे सांगतं. जोखीम मात्र एफओबीसारखीच, आपल्या बंदरात माल जहाजावर चढला की घेणाऱ्याकडे जाते. विमा आपण काढतो तो त्याच्या फायद्यासाठी. खर्चाची रेघ आणि जोखमीची रेघ वेगवेगळ्या ठिकाणी ओढलेल्या असतात, हे सीआयएफचं सगळं मर्म आहे, आणि ज्याला ते कळलं नाही त्याने निर्यातदाराच्या फाइलला हात लावू नये.

दुसऱ्याला सांगतो. लेट एक्स्पोर्ट ऑर्डर म्हणजे कस्टम्सची परवानगी. माल देशाबाहेर न्यायला हरकत नाही, एवढंच ती सांगते. माल जहाजावर चढला असं ती सांगत नाही. कंटेनर 30 मार्चला न्हावा शेवाच्या यार्डात आत गेला. बिल ऑफ लेडिंगवर दोन तारखा आहेत: एक माल वाहतुकीसाठी मिळाल्याची, 30 मार्च, आणि खाली शिक्का मारून जहाजावर चढवल्याची, 2 एप्रिल. सीआयएफला दुसरी तारीख लागते. तू पहिली पाहून थांबलास. 31 मार्चला तो कंटेनर यार्डात जमिनीवर उभा होता आणि त्यातला माल साताऱ्याच्या कंपनीचा होता. 27 लाखांची विक्री पुढच्या वर्षाची, 21 लाखांचा साठा या वर्षाचा.

आणि आता लक्ष देऊन ऐका, कारण एका शब्दाने निकाल फिरतो. याच मालाची अट ‘एफसीए न्हावा शेवा कंटेनर यार्ड’ असती, तर यार्डात वाहतूकदाराच्या ताब्यात दिल्याबरोबर, 30 मार्चलाच, जोखीम गेली असती आणि मार्चची विक्री बरोबर ठरली असती. भाडं आणि विमा आपणच देणारी सीआयपी अट असती तरी तेच, कारण तिथेही पहिल्या वाहतूकदाराकडे माल दिला की जोखीम जाते. सीआयएफ आणि सीआयपी, शेवटचं एक अक्षर वेगळं आणि पुरी 27 लाखांची विक्री एका वर्षातून दुसऱ्या वर्षात. कंटेनरच्या मालाला एफओबी-सीआयएफ न वापरता एफसीए-सीआयपी वापरा असं आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ, म्हणजे इन्कोटर्म्स बनवणारी संस्थाच, सांगत आली आहे; कारण कंटेनर यार्डात देऊन टाकल्यावर तो चढेपर्यंत निर्यातदाराच्या हातात काही नसतं, पण जोखीम मात्र त्याच्या गळ्यात राहते. आपल्याकडचे व्यापारी सवयीने जुनेच शब्द लिहितात. त्यांनी जे लिहिलं ते आपण वाचायचं. त्यांना काय म्हणायचं असेल याचा अंदाज करायचा नाही.

तुझ्या वहीत ‘एफओबी डेस्टिनेशन’ असाही एक शब्द मी पाहिला. तो अमेरिकन पाठ्यपुस्तकातला आहे. तिकडच्या व्यापारी कायद्यात एफओबीमागे पाठवण्याचं ठिकाणही येऊ शकतं आणि पोचवण्याचंही, आणि ‘एफओबी डेस्टिनेशन’ म्हटलं की पोचेपर्यंत माल विकणाऱ्याचा. इन्कोटर्म्समध्ये असा प्रकार नाही; तिथे एफओबीमागे माल चढवण्याचं बंदरच येतं. म्हणून अट लिहून घेताना तीन गोष्टी एकत्र लिहायच्या: अट, ठिकाण, आणि ‘इन्कोटर्म्स 2020’ हे शब्द आहेत की नाहीत. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवर ‘एफओबी शिकागो’ एवढंच दिसलं, तर थांबा आणि त्यांच्याकडून लेखी विचारून घ्या.

आता या सगळ्याच्या मुळाशी जाऊ. तुम्ही तिघांनीही आपापल्या कागदात ‘इन्कोटर्म्सनुसार मालकी हस्तांतरित’ असं वाक्य लिहिलं आहे. हे वाक्य खोडा. इन्कोटर्म्स मालकीबद्दल एक शब्दही बोलत नाहीत. तसं ते स्वतःच सांगतात. माल कुठे द्यायचा, जोखीम कुठे जाते, खर्च कोणाचा, एवढंच त्यांचं काम. मालकी करार आणि कायदा ठरवतो. आपल्या कायद्याच्या कलम 26 प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर जोखीम मालकीच्या मागे जाते, म्हणून बहुतेक वेळा दोन्ही एका जागी सापडतात. पण नेहमी नाही. जेबेल अलीचंच पाहा. बिल ऑफ लेडिंग विकणाऱ्याच्या आदेशाचं आहे आणि कागद बँकेतून जातात. पैसे दिल्याशिवाय घेणाऱ्याला कागद मिळणार नाहीत. कलम 25 प्रमाणे विकणाऱ्याने आपला हक्क राखून ठेवला आहे. म्हणजे 2 एप्रिलला जोखीम गेली तरी कागदावरची मालकी काही दिवस साताऱ्याकडेच राहते.

मग विक्री 2 एप्रिलची की कागद सुटतील त्या दिवसाची? 2 एप्रिलची. विकणाऱ्याने कागद अडवून ठेवले ते फक्त पैसे बुडू नयेत म्हणून. माल परत घ्यायचा, दुसऱ्याला विकायचा असा त्याचा बेत नाही. जोखीम आणि लाभ गेले आहेत. ज्या कंपन्या इंड एएस पाळतात त्यांच्या मानक 115 मध्येही हेच आहे की केवळ वसुलीच्या रक्षणासाठी कागदी मालकी ठेवली, तर माल ताब्यात गेला असं धरायला ती आड येत नाही. त्यामुळे ‘मालकी’ हा शब्द तुमच्या कागदात लिहिताना तो कागदावरच्या मालकीबद्दल आहे की जोखीम-लाभाच्या मालकीबद्दल, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. आज तुम्हाला ते सांगता आलं नाही.

आता हिशेब. साठ्यात 42, 14 आणि 21 लाख वाढतील: 77 लाख. डेटर्समधून साडेअठरा आणि 27 मिळून साडेपंचेचाळीस लाख कमी होतील. रायपूरच्या बिलावरचा जीएसटी मात्र देणं म्हणून राहील, तो उलटा फिरवू नका. चीनच्या पुरवठादाराचं देणं 30 हजारांनी वाढेल. नफ्यात एका बाजूने 42 लाख येतात, दुसऱ्या बाजूने रायपूरचा साडेचार लाख, जेबेल अलीचा सहा लाख आणि डॉलरचे 30 हजार जातात. राहतात 31 लाख 20 हजार. तीन माल, तीन वेगळ्या दिशांनी चुकलेले. त्यातला एकही चोरीचा नाही, लपवलेला नाही. सगळे कागद कारखान्यात होते.

यापुढे मार्चअखेरच्या फाइलमध्ये मला हे दिसलं पाहिजे. मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांची गेटवरची बाहेर जाणाऱ्या मालाची नोंदवही घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे पोच कधीची ते लिहा. एप्रिलच्या पहिल्या वीस दिवसांचे जीआरएन घ्या आणि उलटे मागे जा: हा माल कधी निघाला, कोणत्या अटीवर निघाला, खरेदी कोणत्या वर्षात बसली. आयात समुद्रमार्गे असेल तर वीस दिवसही पुरणार नाहीत. बिल ऑफ लेडिंगपासून बंदरापर्यंतचा प्रवास मोजून तितकं पुढे जा. पुरवठादारांच्या खात्यांत ज्या खरेदीला जीआरएन नाही अशा सगळ्या ओळी वेगळ्या काढा. चीनचा कंटेनर पहिल्या दहा मिनिटांत सापडला असता. आणि खरेदीची तारीख व साठ्याची तारीख ज्या कागदावर एकमेकींसमोर लिहिली नाही, तो कागद माझ्याकडे आणू नका.

अकाउंटंटला दोष देऊ नका. तो माणूस त्याच्या संगणकात इनव्हॉइस आलं की नोंद करतो. त्याला पगार त्याचाच मिळतो. दुसऱ्याच्या नोंदीत जे सुटतं ते पाहण्यासाठी आपल्याला नेमलं आहे. माझी सही होण्याआधी तुमची सही होते. तुमच्या सहीवर भरवसा ठेवून मी सही करतो, आणि माझ्या सहीवर भरवसा ठेवून बँकेतला एक अधिकारी त्या कारखान्याला पैसे देतो.

फाइल परत घ्या. रायपूरची सहा पानं, दोन्ही बिल ऑफ लेडिंगच्या प्रती आणि विम्याच्या पॉलिसीज यात लावल्या आहेत. तिघांनी एकाच टेबलावर बसून दुरुस्तीच्या नोंदी लिहा आणि उद्या सकाळी साडेदहाला मला दाखवा. दुपारी मी साताऱ्याला फोन करून सांगणार आहे की ताळेबंद बदलतो आहे, आणि चूक आमच्या कार्यालयाची होती.